दोन फ्लॅट, मत एकच

"सोसायटीत माझे दोन फ्लॅट आहेत, म्हणजे सभेत दोन मतं ना? आणि गावी असलो तर भावाला प्रतिनिधी-पत्र देऊन पाठवलं तर चालेल ना? नोटिशीत तसं छापलंय."

दोन्ही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार एका सभासदाला एकच मत, आणि ते स्वतः हजर राहूनच द्यायचं. फ्लॅट किती, क्षेत्रफळ किती, याचा संबंध नाही. मात्र दुसरा फ्लॅट बायकोच्या नावावर असेल आणि ती त्या फ्लॅटसाठी सभासद असेल, तर तिचं मत वेगळं.

मग प्रतिनिधीचं वाक्य आलं कुठून? बहुधा कंपनीच्या सभेच्या इंग्रजी नमुन्यातून. कंपनीत ती सोय असते. कुणीतरी तो नमुना जसाच्या तसा मराठीत उतरवतो आणि पुढची कित्येक वर्षं सेक्रेटरी फक्त तारीख बदलतात!

ते वाक्य काढून मराठी नोटिशीत असं लिहावं:

"विषय 2 : 31 मार्चअखेरचा जमाखर्च आणि ताळेबंद मंजूर करणे. (वर्षभर पैसे कुठे गेले ते विचारा, मग हात वर करा.)
मतदान : प्रत्येक सभासदास एक मत. स्वतः उपस्थित राहावे. दुसऱ्यास पत्र देऊन मत देता येणार नाही."

मतं समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. अध्यक्षांच्या हाती दुसरं मत येतं ते फक्त तेव्हाच.