फिर्यादीत नाव लागतंच, पण ते वाचायचं कोणी?

पोलीस ठाण्यात घेतलेल्या फिर्यादीची पहिली ओळ ज्याने दोन-चार फिर्यादी वाचल्यात त्याला पाठ असते. 'मी अमुक तमुक, वय इतकी वर्षे, धंदा मजुरी, जात अमुक, रा. अमुक, समक्ष हजर राहून फिर्याद लिहून देते की...' मी जिल्ह्याच्या पेपरात क्राईमच्या बातम्या करायचो तेव्हा रोज सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर अशा ओळी वाचायचो. यातलं किती बाहेर जायला हवं हा प्रश्न तेव्हा डोक्यातसुद्धा आला नव्हता, सगळेच सगळं छापायचे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात आज तसं छापलं तर दोन वर्षांपर्यंत आत जाता येतं, आणि हा कायदा आला कुठून हे बघायला गेलं की आपण थेट विदर्भात पोचतो.

२६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. एका अनाथ आदिवासी मुलीच्या भावाने तक्रार दिली होती की काही लोकांनी तिला पळवून नेलंय. रात्री नऊच्या सुमारास हेड कॉन्स्टेबलने सगळ्यांचे जबाब घेतले आणि भावाला सांगितलं, हिच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये. म्हणजे वय हा मुद्दा महत्त्वाचा आहे हे त्याला बरोबर कळलं होतं. साडेदहाच्या आसपास हेड कॉन्स्टेबल घरी गेला, बाकीचे निघाले, आणि ड्यूटीवरच्या दोन पोलिसांनी मुलीला थांबवून घेतलं. पुढचं सांगायची गरज नाही. सेशन्स कोर्टाने १९७४ ला दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडलं.

मला इथे निकालापेक्षा कागद महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं, अंगावर जखम नाही असं लिहिलं, वय अंदाजे १४ ते १६ लिहिलं, इथपर्यंत ठीक, हे लिहायलाच हवं होतं. पण रिपोर्टमध्ये पुढे तिच्या शरीराबद्दल अशा नोंदी होत्या ज्यांचा त्या रात्रीशी काहीही संबंध नव्हता, दोन बोटांची तपासणी, जुन्या खुणा वगैरे. या नोंदींवरून सेशन्स कोर्ट म्हणालं की मुलगी संबंधांना 'सरावलेली' आहे, आणि वर तिला खोटारडी ठरवलं. तिचं एका मुलाशी जमलं होतं हेही प्रत्येक निकालात सविस्तर आलं. एक अनावश्यक ओळ रिपोर्टमध्ये गेली की ती तिथे नुसती पडून राहत नाही, कोणीतरी ती वापरतो, आणि बहुतेक वेळा जिच्याबद्दल लिहिलंय तिच्याच विरुद्ध.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीत कलम २२८अ आलं, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा झाला. सोबत हेही आलं की अशा केसेस बंद दाराआड चालवायच्या. (आता भारतीय न्याय संहितेत हेच कलम ७२ आणि ७३ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून.)

पण कलम नीट वाचलं तर दिसतं की नाव फिर्यादीतून काढा असं त्यात कुठेही नाही. तपासासाठी पोलीस अधिकाऱ्याने नाव सांगितलं तर चालतं, पीडितेने स्वतः लेखी परवानगी दिली तर चालतं. नाव फिर्यादीत लागतंच हो, नाहीतर समन्स कोणाला काढणार, उलटतपासणी कोणाची होणार, आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल फिर्यादी कोण म्हणून. एकाच रिपोर्टला दोन आयुष्यं असतात, एक कोर्टापुरतं आणि एक गावभरचं, ही समज आधी कागदावर नव्हतीच, ती १९८३ ला अर्धवट आली. अर्धवट अशासाठी की त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय, हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल छापणं हा गुन्हा नाही. म्हणजे पेपरवाल्यांनी नाव छापायचं नाही, पण निकालात नाव असेल तर तो निकाल खुशाल छापा. १९९६ पासून सुप्रीम कोर्ट खालच्या कोर्टांना सांगत आलं की शक्यतो नाव टाळा, 'पीडिता' लिहा, पण जुने निकाल आहेत तसेच राहिले.

दुसरा धक्का आला कॉम्प्युटरमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका. हेतू चांगला होता, आरोपीला आपल्यावर काय गुन्हा आहे हे कळावं. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद असले संवेदनशील एफआयआर वगळायचे, आणि वगळायचं की नाही हे डीवायएसपीच्या खालच्या माणसाने ठरवायचं नाही. आधी ठाण्यात जाऊन चहा पाजून बघायला मिळणारा कागद आता कोणीही घरबसल्या डाउनलोड करू शकतो, त्यामुळे काय आत ठेवायचं आणि काय बाहेर पाठवायचं हे त्याच दिवशी ठरवायची वेळ आली.

मग डिसेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निपुण सक्सेना निकाल, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा कागद. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, मूळ कागदपत्रं सीलबंद पाकिटात ठेवा आणि लोकांच्या नजरेस पडू शकेल अशा प्रत्येक कागदाच्या जागी नाव काढलेली तशीच प्रत लावा. दुसरी, ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे, ज्यावरून दूरान्वयानेही ती कोण ते कळेल अशी कुठलीही माहिती म्हणजे ओळख. कोर्टाने दिलेलं उदाहरण मस्त आहे, एका बातमीत नाव नव्हतं पण मुलगी बोर्डात पहिली आली होती असं लिहिलं होतं आणि राज्याचं नावही होतं. मग राहिलं काय?

आता प्रत्यक्षात हे कसं करायचं ते एका काल्पनिक फिर्यादीवर बघू. समजा आई लिहून देते की माझी मुलगी, वय १३, गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत, ४ जूनला संध्याकाळी साडेपाच वाजता पिठाच्या गिरणीमागच्या घरात चुलत दिराने तिच्यावर अत्याचार केला, आणि आम्ही घाबरून तीन दिवस तक्रार दिली नाही. मूळ फिर्यादीत यातलं सगळं हवं, एक शब्दही गाळायचा नाही. वय तर हवंच, कारण १३ मुळे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा पॉक्सो कायदा लागतो, आणि १२ च्या खाली असती तर कलमच बदललं असतं. नातं हवं, कारण नातेवाइकाने केलेला गुन्हा जास्त गंभीर धरला जातो. तीन दिवस का लागले ते हवं, फॉर्ममध्ये उशिराच्या कारणाचा वेगळा रकानाच असतो आणि तो रिकामा राहिला की बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवतो. मुलीचं शाळेत लक्ष नसायचं, ती मोबाइल फार बघायची, तिचे कोणाशी मेसेज चालायचे असलं काही मात्र आईच्या तोंडून आलं तरी गुन्ह्याशी संबंध नसेल तर कशाला लिहायचं? देसाईगंजला झालेली चूक नेमकी ही होती.

बाहेर जाणाऱ्या प्रतीतून आईचं नाव, गाव, शाळा आणि गिरणी हे जायला हवं. आरोपीचं नावसुद्धा, कारण आडनाव एकच आहे. हे बऱ्याच जणांना पटत नाही, 'आरोपीला कशाला लपवायचं' म्हणून भांडतात, पण इथे लपवतोय ते मुलीला. आणि एकाच कागदापुरता विचार करून भागत नाही. एका पेपरने आरोपीचं नाव दिलं पण नातं नाही दिलं, दुसऱ्याने नाव गाळून 'चुलत काकाने' असं छापलं, दोघांनी आपापल्या परीने नियम पाळला, आणि टपरीवर दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले की गाव मोकळं. म्हणून नाव किंवा नातं यातलं एक काय काढायचं हे सगळ्यांनी एकसारखंच ठरवायला लागतं, अशा घरातल्या केसमध्ये मी तरी नाव काढा म्हणेन. वय, तारीख, कलमं, ढोबळ हकीकत ही राहू द्यावी. तारीख आणि वयही काढलं तर त्या प्रतीत वाचण्यासारखं काही उरत नाही, आणि पोलिसांनी योग्य कलम लावलं की नाही हे बाहेरच्या कोणाला तपासता येत नाही.

फसगत कुठे होते सांगतो, घटनास्थळ पंचनाम्यात. फिर्यादीवरचं नाव काळजीपूर्वक पुसतात आणि पंचनामा तसाच जोडतात, ज्यात चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचा गोठा, उत्तरेस रस्ता. गावातल्या कोणालाही घर कळायला एवढं पुरेसं आहे. एकदा मला मिळालेल्या प्रतीत नावावर मार्कर फिरवला होता, पण कागद खिडकीत उजेडाला धरला तर अक्षरं सरळ दिसत होती. पीडीएफमध्ये तर त्याहून गंमत, काळी पट्टी वरून लावलेली असते आणि खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो. मार्कर मारल्यावर परत झेरॉक्स काढून ती झेरॉक्स द्यायची, आणि कॉम्प्युटरवर असेल तर मजकूर आधी डिलीट करून मग पीडीएफ बनवायची, एवढं तरी करायला हवं.

शरीराच्या नोंदींचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण तो धागा परत विदर्भातच येतो. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यक डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी त्या दोन बोटांच्या तपासणीवर सविस्तर रिपोर्ट तयार केला आणि त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तपासणी चुकीची ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने तपासणीच्या नव्या सूचना काढल्या, आणि तरी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की जो डॉक्टर हे करेल तो गैरवर्तनाचा दोषी. जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरायचे ही आपल्याकडची पद्धत, आणि फॉर्मवर रकाना असला की माणूस तो भरतो.

जातीचा रकाना अजून भांडणात आहे. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात फिर्यादीची आणि आरोपीची जात हाच मुद्दा असतो, तिथे ती हवीच. पण सायकल चोरीच्या जबाबात जात कशाला? जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निदान कोर्टाच्या कागदांवर पक्षकारांची जात-धर्म लिहू नका असं सांगितलं. ठाण्यातल्या जबाबांत मात्र 'धंदा'नंतर बोटं आपोआप 'जात' टाइप करतात, नवीन शिपाई जुना जबाब समोर ठेवून शिकतो ना.

आणि देसाईगंजची ती मुलगी. कागदोपत्री तिची केस आरोपीच्या नावाने आहे, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य', पण कायद्याच्या वर्गात, पुस्तकांत, भाषणांत ती तिच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे आलेल्या कलमाने तिचं नाव मात्र झाकलं नाही, निकाल आधीचा होता आणि निकाल छापायला तसंही बंधन नव्हतं. मी ते इथे लिहिलेलं नाही, शोधलंत तर मिनिटभरात सापडेल.