‘ताई, ऑर्डर तुम्हीच दिलीत ना?’ – कॅश ऑन डिलिव्हरीच्या फोनामागची पार्श्वभूमी

रात्री साडेअकराला मोबाइलवर साडी पसंत केली, ‘पैसे घरी आल्यावर’ वर बोट ठेवलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन येतो. ‘काल मोरपिशी साडी मागवलीत, साडेआठशेची. पाठवू ना?’ हा प्रश्न ऑनलाइन खरेदीबरोबर आला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तेव्हा फक्त तो दुसऱ्या बाजूला विचारला जात होता.

पोस्टाची व्ही.पी. आपल्याकडे 1877 मध्ये सुरू झाली. पुस्तकं, औषधं, घड्याळं पत्राने मागवायची, पोस्टमनने पार्सल आणलं की पैसे मोजून ‘व्ही.पी. सोडवून घ्यायची’. पैसे पोस्टामार्फत विक्रेत्याला पोचायचे. यात लबाडीला वाव दोन्हीकडून होता. कुणी मागवून मग पार्सल नाकारायचं, तर कुणी न मागवलेलंच पार्सल घरी धाडायचं. घरधनी बाहेर असला की घरच्यांनी पैसे भरून ते सोडवलेलं असायचं. म्हणून 1898 च्या पोस्ट ऑफिस कायद्यात तरतूद आली की, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीनुसारच पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेता यावं. म्हणजे ऑर्डर खरी असल्याची हमी विक्रेत्याने द्यायची. गिऱ्हाइकाच्या बाजूने पुरावा म्हणून त्याचं पत्र असायचंच. पत्र लिहून पेटीत टाकण्याइतके कष्ट घेऊन थट्टा करणारे कमीच.

ते कष्ट संपले आणि प्रश्न उलटा झाला. फ्लिपकार्टने 2010 मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली, कारण क्रेडिट कार्ड थोड्यांकडे होतं आणि न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. मग इतरांनाही ती द्यावीच लागली. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत मोठ्या कंपन्यांनी काही दिवस ती थांबवली किंवा रकमेला मर्यादा घातली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, तरीही रोखीची सवय टिकली. आता ऑर्डर द्यायला एक बोट पुरतं, आणि नाव-नंबर दुसऱ्याचा टाकला तरी त्या क्षणी कुणी अडवत नाही.

नाकारलेलं पार्सल परत येतं त्याला या धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. (गाडीच्या आरटीओइतकाच हाही शब्द डोकं उठवतो.) कुरियर जातानाचे पैसे घेतं, येतानाचेही घेतं. मोठ्या कंपन्यांकडे गिऱ्हाइकाचा जुना इतिहास असतो, त्यामुळे वारंवार पार्सल नाकारणाऱ्याला रोखीचा पर्यायच दाखवायचा नाही, असं त्या करू शकतात. इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या बाईकडे असतो फक्त फोन.

फोन कितपत परवडतो, ते हिशेबाने पाहू. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी धंद्यातलीच आहे. एका साडीमागे नफा 200 रुपये, आणि परत आलेल्या पार्सलचा जाणं-येणं-पॅकिंग मिळून फटका 145. समजा 100 ऑर्डरी न विचारता पाठवल्या आणि 30 परत आल्या. सत्तर साड्यांचे 14,000, त्यातून 4,350 गेले, हाती 9,650. आता प्रत्येकाला फोन केला, वेळ धरून फोनामागे 8 रुपये. त्या तिसांतल्या 18 ऑर्डरी आधीच गळाल्या, पण फोन न उचलल्याने 3 चांगल्याही रद्द झाल्या. मग 67 साड्यांचे 13,400, त्यातून परत आलेल्या बारांचे 1,740 आणि फोनांचे 800 वजा, हाती 10,860. फोन फायद्याचा ठरला. पण चाळण जास्तच बारीक लावून 3 ऐवजी 10 चांगल्या ऑर्डरी घालवल्या, तर हाती येतात 9,460, फोन न करण्यापेक्षाही कमी! नवशिके विक्रेते इथेच फसतात. त्यांना परत आलेलं पार्सल डोळ्यांसमोर दिसतं. विनाकारण गमावलेलं गिऱ्हाईक कुठेच दिसत नाही.

म्हणून सरसकट फोन करण्याआधी यादीवर नजर फिरवतात. नाव ‘asdf’, नंबरात एकच आकडा दहा वेळा, एकाच नंबरावरून तासाभरात पाच ऑर्डरी, हे चटकन कळतं. पिनकोडही बोलतो. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, आणि ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. पहिले तीन आकडे टपालाचा जिल्हा सांगतात, त्यामुळे पत्त्यात पुणे आणि पिन 416 ने सुरू होणारा कोल्हापूरकडचा असेल, तर काहीतरी चुकलंय. पण चुकलंय म्हणजे खोटं आहे असं नाही. सासर-माहेरच्या पत्त्यांची सरमिसळ हे त्याचं कितीदा तरी साधं कारण असतं. तसंच ‘मारुती मंदिरामागे, पाटलांच्या वाड्याजवळ’ हा पत्ता शहरी सॉफ्टवेअरला अपुरा वाटतो, गावच्या कुरियरवाल्याला मात्र तो घर नंबरापेक्षा बरा.

फोनवर विचारण्यातही खुबी आहे. माझ्या परिचयातल्या एक साडीविक्रेत्या पत्ता स्वतः वाचून दाखवत नाहीत. वाचला की समोरचा ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. त्या विचारतात, ‘घराजवळची खूण सांगता का?’ खरं मागवणारी बाई लगेच दवाखाना, दूध डेअरी काहीतरी सांगते. ज्याचा नंबर कुणी थट्टेने टाकलाय तो म्हणतो, ‘मी काही मागवलंच नाही,’ आणि विषय तिथेच संपतो. पुढचा प्रश्न असतो, ‘गुरुवारी पार्सल येईल, घरी कोण असेल?’ इथे जो अडखळतो त्याचं मन बहुधा बदललेलं असतं. संकोचापोटी नाही म्हणता येत नाही, म्हणून विक्रेत्या बाईच सोपी वाट काढून देतात, ‘नको असेल तर आत्ताच रद्द करते, काही हरकत नाही.’

ओटीपी असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. ओटीपीने नंबर देणाऱ्याचाच आहे एवढं कळतं, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावरची थट्टा थांबते. पण गुरुवारी तो पैसे हातात घेऊन दारात उभा राहील का, हे ओटीपी सांगत नाही. ‘ऑर्डर पक्की करण्यासाठी 1 दाबा’ म्हणणाऱ्या यंत्राच्या फोनाचंही तसंच. 1 दाबणं फुकट असतं. त्यामुळे शंका असेल तिथे बरेच जण पन्नास-शंभर रुपये आगाऊ मागतात, उरलेले दारात. चेष्टेखोर तिथे गळतो, पण आधी पैसे द्यायला घाबरणारं नवं गिऱ्हाईकही गळतं.

आता तर फोनावरचाच विश्वास उडालाय. कुरियरवाला असल्याचं भासवून *401* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावायचा, म्हणजे तुमचे कॉल ठगाकडे वळतात आणि फोनवरून येणारे ओटीपीही त्यालाच ऐकू जातात, असे प्रकार इतके वाढले की एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार विभागाने अशा कोडने कॉल वळवण्याची सोयच बंद करायला लावली. तेव्हापासून खऱ्या विक्रेत्याचा फोनही लोक उचलत नाहीत, उचलला तर आधी संशयाने बोलतात. साडीवाल्या बाईंनी त्यावर क्रम बदललाय. आधी व्हॉट्सअॅपवर त्याच साडीचा फोटो आणि ‘अकरा वाजता फोन करते’ एवढा मजकूर, मग फोन, आणि पहिलं वाक्य साडीच्या रंगाचं. सकाळी न उचलणाऱ्याला संध्याकाळी सहानंतर पुन्हा, आणि तिसऱ्या फोनालाही उत्तर नाही तर पार्सल दोन दिवस फडताळातच राहतं.