ओझोनचं भोक आणि वाढती गरमी: दोन वेगळी प्रकरणं

"ओझोनला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त आत येतं, म्हणून गरमी वाढतेय ना?"

नाही. ते भोक म्हणजे ओझोनचा थर विरळ होणं, तेही मुख्यतः अंटार्क्टिकावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याचा आपल्या मे महिन्याच्या उकाड्याशी काय संबंध! तिथून जास्तीचे येतात ते अतिनील किरण, त्यांनी कातडी भाजते, डोळ्यांना त्रास होतो, पण त्यांची एकूण उष्णता अगदी किरकोळ. पृथ्वी तापतेय कारण कोळसा-पेट्रोल जाळून सोडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीतून परत जाणारी उष्णता अडवतो, म्हणजे ऊन जास्त येत नाहीये, उष्णता बाहेर जायला वेळ लागतोय.

गोंधळ होण्यासारखा धागा एकच, फ्रिजचा गॅस. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ मधलं क्लोरीन ओझोन खायचं, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने तो हळूहळू बंद झाला. त्याजागी आर-१३४ए आला, यात क्लोरीनच नाही त्यामुळे ओझोन सेफ, पण वजनाला वजन धरलं तर १०० वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो (घ्या!). आता बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, तो दोन्ही बाबतीत बरा, फक्त पेट घेतो. फ्रिजच्या मागचा स्टिकर बघा, कुठला ते लिहिलेलं असतं.