ग्रिलची परवानगी आणि फ्रेमची परवानगी : एका पत्रातल्या दोन वेगळ्या मागण्या

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी चार वर्षं सचिव होते. त्या काळात सर्वांत जास्त अर्ज खिडक्यांचे आले आणि बहुतेकांत मजकूर एकाच ओळीचा असायचा : ‘माझ्या सदनिकेच्या खिडक्यांना ग्रिल व नवीन फ्रेम बसवायची आहे, तरी परवानगी द्यावी.’ लिहिणाऱ्याला ते एकच काम वाटतं. कारागीर बहुधा एकच असतो, आवाजही त्याच चार दिवसांचा असतो. इमारतीच्या दृष्टीने मात्र ही दोन निराळी कामं आहेत आणि समितीने दोन्हींसाठी निराळे प्रश्न विचारायला हवेत.

ग्रिल म्हणजे आहे त्या खिडकीवर घातलेली भर. ती भिंतीला चार-सहा ठिकाणी धरते, उद्या काढली तर भोकं बुजवून भिंत पूर्ववत करता येते. म्हणून ग्रिलबद्दल समितीचा मुख्य प्रश्न असतो : ती किती बाहेर येणार आणि आग लागली तर आतला माणूस तिच्यातून बाहेर कसा पडणार?

फ्रेम बदलणं म्हणजे मात्र भिंत उघडणं. जुनी अॅल्युमिनियमची चौकट काढताना तिच्याभोवतीचा गिलावा सुटतो, खालचा कडाप्पा हलतो आणि इतकी वर्षं पाणी अडवणारा सांधा तुटतो. नवीन चौकट कितीही महागाची घ्या, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट कशी भरली यावर सगळं अवलंबून असतं. इथे समितीचा प्रश्न पाण्याचा असतो आणि त्यानंतर इमारतीच्या बाहेरच्या रूपाचा.

हा फरक कागदावर का यावा लागतो, ते आमच्याकडच्या एका प्रकरणात मला नीट कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांना दोन वर्षांची जुळी मुलं होती. मुलं सोफ्यावरून खिडकीत चढायला लागली तेव्हा त्यांनी घाईने वर दिली तशी एका ओळीची चिठ्ठी दिली. आम्हीही घाईने ‘विनंतीनुसार परवानगी’ असं उत्तर दिलं. ती चूक समितीची, म्हणजे माझीसुद्धा होती. एप्रिलमध्ये काम झालं. ग्रिल दीड फूट बाहेर आलेली पेटी निघाली, आणि बाकी इमारतीच्या चंदेरी फ्रेममध्ये यांची गडद तपकिरी फ्रेम. त्यावर कुरबुर झाली आणि विरली. जूनमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या छताला, नेमकी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, ओल आली.

ओल कुठली हे आधी ठरवावं लागतं. नळाची किंवा बाथरूमची गळती पाऊस असो-नसो, रोज ओली राहते. ही ओल वाऱ्यासह पश्चिमेचा पाऊस झाला की यायची आणि दोन दिवस उघडीप मिळाली की वाळायची. म्हणजे पाणी बाहेरून येत होतं. पण ते फ्रेमच्या सांध्यातून येतंय की ग्रिलच्या भोकांतून? दोन्ही कामं एकाच आठवड्यात, एकाच माणसाने, एकाच परवानगीवर केलेली होती. फ्रेमवाला म्हणे ग्रिलवाल्याने कडाप्पा फोडला, पण ग्रिलवालाही तोच होता, त्यामुळे तो स्वतःलाच उत्तर देत होता.

वादाचं मूळ आणखी खोल होतं. आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त होते. सभासद त्यावर बोट ठेवून म्हणाले, बाहेरची भिंत सोसायटीची, गळती सोसायटीने काढावी. समितीचं म्हणणं, भिंत तुम्ही उघडलीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि आमच्या परवानगीच्या एका ओळीत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी पाण्याची पाइप घेऊन तपासणी केली. खालून सुरुवात करायची, हे महत्त्वाचं. आधी फक्त कडाप्प्यावर पंधरा मिनिटं पाणी, मग दोन्ही बाजूंना, शेवटी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकी जागा सापडत नाही. आमच्याकडे पहिल्या पंधरा मिनिटांतच खालच्या घरात ओल दिसली. ग्रिलचे खालचे दोन स्क्रू कडाप्प्यात आरपार मारलेले होते आणि त्या भोकांवर सिलिकॉनही नव्हतं. बाजूचे सांधे ठीक होते. म्हणजे दोष ग्रिल बसवण्यातला होता, फ्रेमचा नाही. दोन कामं वेगळी लिहिलेली असती, तर हे महिनाभर आधी कळलं असतं.

आता पत्राकडे वळू. एकाच पत्रात दोन्ही मागायला हरकत नाही, फक्त दोन परिच्छेद वेगळे हवेत. त्याच घरासाठी तेच पत्र मी आज असं लिहीन :

प्रति,
मा. सचिव,
___ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

विषय : सदनिका क्र. ___ च्या दोन खिडक्यांना सुरक्षा ग्रिल बसवणे आणि त्यांच्या बाहेरील फ्रेम बदलणे यांसाठी परवानगीबाबत.

महोदय/महोदया,

मी वरील सदनिकेचा सभासद आहे. घरात दोन वर्षांची दोन मुले आहेत. हॉल (५ × ४ फूट) आणि बेडरूम (४ × ४ फूट) या दोन खिडक्यांसाठी पुढील दोन कामांची स्वतंत्र परवानगी मागत आहे.

पहिले काम, फ्रेम : सध्याची दोन ट्रॅकची अॅल्युमिनियम फ्रेम काढून तीन ट्रॅकची (तिसरा ट्रॅक मच्छरजाळीसाठी) बसवायची आहे. खिडकीचे माप बदलणार नाही. भिंत, बीम किंवा लिंटेल यांना धक्का लागणार नाही. बाहेरचा रंग इमारतीप्रमाणे चंदेरी राहील. फ्रेम आणि भिंतीमधली फट पॉलिमर मोर्टारने भरून बाहेरून सिलिकॉन लावले जाईल. काम झाल्यावर समितीच्या प्रतिनिधीसमोर पाण्याची तपासणी करू. या फ्रेमच्या सांध्यातून पुढे गळती झाल्यास ती मी माझ्या खर्चाने दुरुस्त करीन.

दुसरे काम, ग्रिल : फ्रेमची पाण्याची तपासणी झाल्यानंतरच ग्रिल बसवेन. ती भिंतीच्या जाडीतच राहील, बाहेर येणार नाही. दोन सळ्यांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी असेल. प्रत्येक ग्रिलमध्ये माणूस बाहेर पडू शकेल असा उघडणारा भाग असेल आणि त्याची चावी आत, मुलांच्या हाताबाहेर ठेवली जाईल. स्क्रू बाजूंना आणि वर मारले जातील, कडाप्प्यात मारले जाणार नाहीत. इमारतीच्या दुरुस्तीसाठी किंवा रंगकामासाठी गरज पडल्यास ग्रिल माझ्या खर्चाने काढून देईन.

दोन्ही कामांचा नकाशा आणि खिडक्यांचे सध्याचे फोटो सोबत जोडले आहेत. काम ___ ते ___ या तारखांना, संस्थेने ठरवलेल्या वेळेत होईल आणि राडारोडा त्याच दिवशी उचलला जाईल.

आपला विश्वासू,
(सभासदाची सही, सहसभासद असल्यास त्यांचीही)

या पत्रातल्या तीन गोष्टी लोकांना जाचक वाटतात, म्हणून त्यांची कारणं सांगते.

‘खिडकीचे माप बदलणार नाही’ हे वाक्य वगळलं तर फ्रेमची परवानगी भलतीकडे जाऊ शकते. खिडकीखालची भिंत तोडून मोठी सरकती खिडकी करायची असेल, तर ते फ्रेम बदलणं राहत नाही, तो बांधकामातला बदल होतो. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत लागतं आणि महापालिकेकडेही विचारणा करावी लागते. समितीची परवानगी महापालिकेच्या परवानगीची जागा घेत नाही.

आधी फ्रेम, मग ग्रिल हा क्रम मी सोडू देत नाही. सरकत्या खिडकीत ग्रिल बाहेरच्या बाजूला येते. ती आधी बसली तर पुढे फ्रेमच्या सांध्याला बाहेरून सिलिकॉन लावायला हात पोचत नाही आणि तपासणीही अर्धवट होते. शिवाय ग्रिलचा लोखंडी पट्टा थेट अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर स्क्रूने आवळू देऊ नका. दोन धातू ओलसर हवेत एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम तिथे खायला लागतं, समुद्राजवळ तर लवकरच. ग्रिल भिंतीला धरावी. फ्रेमचा आधार घ्यावाच लागला, तर मधे रबर किंवा नायलॉनची चकती हवी.

ग्रिल भिंतीच्या जाडीत ठेवण्यावर सर्वांत जास्त वाद होतो, कारण पेटीत कुंड्या ठेवायच्या असतात. ओल्या मातीची मध्यम कुंडी दहा किलोपर्यंत जाते. दहा कुंड्या म्हणजे शंभर किलो वजन भिंतीबाहेर लटकलेलं, आणि ते पेलतात ते गिलाव्यातून विटेत गेलेले काही स्क्रू. त्यांच्याभोवती गंजाचे तपकिरी ओघळ दिसू लागले की धोका सुरू झालाय असं समजा. शिवाय पेटीवर साचलेलं पाणी खालच्या घराच्या वाळत्या कपड्यांवर पडतं आणि रंगकामाच्या वेळी परांची बांधणाऱ्यांना तिथे जागा उरत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी बाहेर आलेली पेटी अजिबात लागत नाही. उलट मूल त्या पेटीत चढून बसतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

समितीच्या बाजूनेही दोन गोष्टी लिहून द्याव्यात. परवानगीच्या पत्रात दोन कामांना दोन ओळी हव्यात : ‘फ्रेमसाठी मंजूर, या अटींवर’ आणि ‘ग्रिलसाठी मंजूर, या अटींवर’. एक मंजूर आणि दुसरं अजून विचाराधीन, असंही होऊ शकतं. लहान मुलं असतील तर ग्रिलला थांबवून ठेवू नये. फ्रेमच्या रंगावरून चर्चा लांबली तरी जुनी फ्रेम तशीच ठेवून, भिंतीच्या जाडीत ग्रिल लगेच बसवता येते आणि पुढे फ्रेम बदलताना काढता येते. आदर्श उपविधींप्रमाणे समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायची असते, त्यामुळे पूर्ण अर्ज आला असेल तर पुढच्या सभेपर्यंत निर्णय व्हायला अडचण नसावी. दुसरं, ग्रिलचा एकच नमुना आणि फ्रेमचा एकच रंग सर्वसाधारण सभेत एकदा ठरवून घ्यावा. मग प्रत्येक अर्जावर नव्याने भांडावं लागत नाही. समितीला अर्ज नमुन्याशी ताडून पाहणं एवढंच उरतं.

भाडेकरू राहत असतील तर अर्ज मालकाच्याच सहीने द्यावा. भाडेकरूच्या सहीने दिलेल्या परवानगीवर गळतीची जबाबदारी कुणाची हे ठरत नाही आणि तोवर भाडेकरू बदललेला असतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी पेटी काढून भिंतीच्या जाडीत ग्रिल बसवली, कडाप्पा बदलून त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि खालच्या घराच्या छताचा रंगही स्वतःच्या खर्चाने करून दिला. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी दोनदा खालच्या घरी जाऊन छत पाहिलं, कोरडं होतं. फ्रेम मात्र अजून तपकिरीच आहे. पुढच्या रंगकामात ती चंदेरी करून द्यायची, असं त्यांनी लिहून दिलं आहे.