तार मधोमध छेडली की अर्धे सूर गायब का होतात

गिटारची तार बरोब्बर मधोमध छेडून बघा आणि मग तीच तार टोकाच्या जवळ छेडा. सूर तोच लागतो पण आवाज वेगळा, मधला जरा पोकळ आणि मऊ, टोकाजवळचा चरचरीत. तार तीच, ताण तोच, मग फरक कसला? फरक फक्त सोडायच्या क्षणी तारेचा आकार काय होता एवढाच आहे, आणि तेवढ्यावरून कुठला सूर किती येणार ते कागदावर काढता येतं.

दोन्ही टोकं पक्की असलेली तार मनाला येईल तशी एका तालात हलू शकत नाही, टोकं हलली नाही पाहिजेत ना. त्यामुळे फक्त असे आकार चालतात ज्यात तारेच्या लांबीत साइन लाटेच्या अर्ध्या लाटा पूर्ण संख्येत बसतात, एक, दोन, तीन असं. यातल्या प्रत्येकाला मोड म्हणायचं. तारेची लांबी L आणि टोकापासूनचं अंतर x धरलं तर n नंबरच्या मोडचा आकार sin(nπx/L), आणि त्याची फ्रिक्वेन्सी पहिल्या मोडच्या n पट. म्हणजे पहिला 110 हर्ट्झचा असेल तर दुसरा 220, तिसरा 330. हे मोड एकमेकांच्या भानगडीत पडत नाहीत, प्रत्येक जण आपल्या तालात वरखाली होतो आणि तार म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज.

मग राहतं एकच काम, सुरुवातीच्या आकारात कुठला मोड किती आहे ते शोधणं. बोटाने ओढलेली तार म्हणजे त्रिकोण. तो आकार sin(nπx/L) ने गुणायचा, 0 पासून L पर्यंत इंटिग्रेट करायचं आणि 2/L ने गुणायचं. ही युक्ती चालते कारण दोन वेगळ्या मोडचा गुणाकार पूर्ण तारेवर इंटिग्रेट केला की शून्य येतो, त्यामुळे बाकी सगळे गळून पडतात आणि हवा तोच उरतो.

तार मध्यावर 5 मिलीमीटर ओढली असं धरू. गणित केलं की पहिला मोड 4.05 मिमी येतो, तिसरा 0.45 (चिन्ह उलटं, पण आवाजाला त्याने फरक पडत नाही), पाचवा 0.16. दुसरा, चौथा, सहावा सरळ शून्य! कारण सोपंय, त्रिकोण मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे आणि सम नंबरचे मोड दोन बाजूंना उलटसुलट असतात, डावीकडे जेवढं मिळतं तेवढं उजवीकडे वजा होतं.

आता तीच तार टोकापासून एक पंचमांश अंतरावर 5 मिमी ओढा. पहिला मोड 3.72, दुसरा 1.51, तिसरा 0.67, चौथा 0.23 आणि पाचवा शून्य, कारण पाचव्या मोडचा न हलणारा बिंदू नेमका तिथेच असतो आणि जिथे तो हलतच नाही तिथे ओढून तो उठणार कसा. मधोमध छेडल्यावर शून्य असलेला दुसरा मोड इथे पहिल्याच्या 40 टक्के झालाय, चरचरीतपणा येतो तो असाच.

खरं वाटत नसेल तर कानाने तपासता येतं. एक पंचमांशावर छेडा आणि लगेच तारेच्या मध्याला बोट हलकेच टेकवा, पहिला मोड मरतो पण वरच्या सप्तकातला दुसरा वाजत राहतो. मधोमध छेडून तेच करा, जवळपास सगळंच बंद होतं, कारण जिवंत असलेले सगळे विषम मोड मध्यावरच सर्वात जास्त हलतात.

डॅनियल बर्नुलीने 1753 मध्ये तार म्हणजे साइनची बेरीज असं मांडलं तेव्हा ऑयलरला ते पटलं नव्हतं. शंका अगदीच चुकीची नव्हती म्हणा, गुळगुळीत साइनमधून टोकदार कोपरा कसा येईल? येतो, पण हळूहळू. वरच्या उदाहरणात मध्यावर पहिल्या चार विषम मोडची बेरीज 4.75 मिमीच होते, 5 पर्यंत जायला अनंत पदं लागतात. आणि बोट काही सुईसारखं अणकुचीदार नसतं, कोपरा थोडा गोलच राहतो, म्हणून खऱ्या तारेत फार वरचे मोड गणितापेक्षा कमीच उठतात, नखाने छेडलं तर जास्त.

हे सगळं खरं ठरतं ते ओढ छोटी असेल आणि तार अगदी लवचिक असेल तर. जाड स्टीलच्या तारेला स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे वरचे मोड n पटीपेक्षा किंचित चढे लागतात, शिवाय ते लवकर विझतात. म्हणून छेडल्या क्षणाचा आवाज आणि दोन सेकंदांनंतरचा आवाज सारखा नसतो, शेवटी शेवटी तर जवळपास पहिला मोडच ऐकू येतो.