सायकोसिस की मेंदूचा दाह? आधी दिवस मोजा

शिकवण्यासाठी रचलेली एक केस घेऊ. कागलहून एसटीने कोल्हापूरला कॉलेजला येणारी १९ वर्षांची मुलगी. शेजारी करणी करताहेत म्हणते, कानात आवाज येतात. घरचे आधी देवऋष्याकडे गेले, मग आपल्याकडे आले.

हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, तसाच अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसही. आवाज काय बोलतात यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून मी आईला विचारतो, "काकू, ही अगदी नेहमीसारखी शेवटची कधी होती?"

"गेल्या सोमवारी कॉलेजला जाऊन आली की ओ. मग ताप आला, डोकं दुखायलं म्हणाली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही."

स्किझोफ्रेनियात बहुतेक वेळा मागचे कित्येक महिने खुणा सापडतात: मैत्रिणी तुटणं, अभ्यास घसरणं, एकटं बसणं. आजार फुलला तरी वार आणि ठिकाण सहसा बरोबर सांगता येतं. इथे सगळं आठवड्याभरात कोसळलं. मुलगी आजचा वार चुकली, मधेच शून्यात पाहत राहिली आणि दोन दिवसांत बोलणं एकेका शब्दावर आलं. तीन महिन्यांच्या आत एवढ्या वेगाने बिघडलेल्या रुग्णात बोध, शुद्ध किंवा हालचाल बिघडलेली दिसली, तर मी तपासण्या सांगतोच.

खरी फसगत पुढे होते. हॅलोपेरिडॉलचे दोन डोस झाले, अंग ताठ झालं आणि फाइलवर "औषधाचा दुष्परिणाम" असं लिहून विषय मिटला. औषधाने ताठरपणा येतो, हे खरंच. पण ही मुलगी तोंडाने सतत चघळल्यासारखं करते आहे. टार्डिव्ह डिस्कायनेशिया दोन डोसांत होत नाही, त्याला महिने लागतात. त्यात ताप चढला, नाडी कधी १४० तर कधी ५०. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा विचार करून औषध थांबवायचंच, पण तिथे थांबायचं नाही. अँटिसायकोटिक न सोसणं हीसुद्धा एन्सेफलायटिसची खूण आहे. लोराझेपामने कॅटाटोनिया सुटला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. तो दोन्ही आजारांत सुटू शकतो.

एमआरआय नॉर्मल आला की नातेवाईकांइतकाच आपलाही जीव भांड्यात पडतो. पण या आजारात निम्म्याहून अधिक रुग्णांचा एमआरआय नॉर्मल असतो. ईईजी जास्त बोलका: मंद लहरी दिसल्या तर पाठीतलं पाणी काढायचंच. अँटिबॉडी रक्तात आणि पाण्यात, दोन्हीकडे पाहायच्या. साधारण सातातल्या एका रुग्णात रक्त निगेटिव्ह आणि पाणी पॉझिटिव्ह येतं. पाण्यात पेशी वाढलेल्या असतील आणि जंतुसंसर्ग नसेल, तर अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टशी बोलून स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन सुरू करावं.

आणि पोटाची सोनोग्राफी. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी हा आजार मांडला, तेव्हाच्या बहुतेक रुग्ण स्त्रियांच्या अंडाशयात टेराटोमा होता. तो राहिला तर नुसत्या स्टेरॉइडवर मुलगी नीट सुधारत नाही.