कपाचा कान मागे वळवून बघा
नव्या चित्रकला शिक्षकांसाठी माहितीपत्रक

नवा क्लास सुरू करणारे शिक्षक दादरला आमच्या दुकानात पहिल्या खरेदीला येतात, तेव्हा यादीत बहुतेक वेळा खोडरबरांचा डबा असतो. मुलं सहा-सात वर्षांची असतील तर तो घेऊ नका, असं आम्ही सांगतो. का, ते काउंटरवर घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

एक साधा प्रयोग करा. पुढच्या बाजूला फूल असलेला चहाचा कप टेबलावर ठेवा आणि त्याचा कान मागे वळवा. मुलाच्या खुर्चीत स्वतः बसून कान दिसत नाही याची खात्री करा. मग मुलाला म्हणा, “तुझ्या जागेवरून कप जसा दिसतो तसा काढ.”

फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी 1972 मध्ये हेच केलं. साधारण आठ वर्षांच्या आतली बरीचशी मुलं न दिसणारा कान काढत आणि समोर दिसणारं फूल गाळत. मोठ्या मुलांचं उलट होई. लहानांची नजर कच्ची असते असा याचा अर्थ नाही. कान असला तर तो कप, नाहीतर पेला, हे त्यांना ठाऊक असतं आणि चित्रात ती हेच सांगत असतात. फुलावाचूनही कप कपच राहतो. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी 1927 मध्ये या टप्प्याला बौद्धिक वास्तव म्हटलं होतं: मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं.

इथवर मूल पायरी-पायरीने आलेलं असतं. दीड-दोन वर्षांचं असताना अख्खा हात खांद्यापासून फिरतो आणि गिरगोट्या उमटतात. पुढे रेघ ताब्यात येते, मग एखाद्या गिरगोटीला नाव मिळतं, आणि ते दहा मिनिटांत बदलतंही. साधारण तीन-चार वर्षांच्या सुमारास डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस येतो. सहा-सातच्या पुढे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, वर आकाशाची निळी पट्टी आणि मध्ये कोरी जागा. ही वयं ढोबळ आहेत, दोन वर्षं इकडेतिकडे सहज होतात.

आमच्या एका ग्राहक शिक्षिकेने सात वर्षांच्या मुलीचं लोकलचं चित्र दाखवायला आणलं होतं. रूळ हीच जमिनीची रेघ, त्यावर ओळीने सगळी चाकं. डब्याच्या पत्र्यातून आतली माणसं डोक्यापासून चपलांपर्यंत दिसत होती आणि आईच्या पिशवीतली भाजीसुद्धा. बाईंनी तिला सांगितलं, पत्र्यातून पाय दिसत नाहीत, पुसून टाक. पुढच्या आठवड्यात तिने लोकल काढली ती रिकामी, खिडक्या काळ्या रंगवलेल्या. चूक सुधारली असं बाईंना वाटलं होतं, पण चित्रातली आई गेली, भाजी गेली, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर त्यांच्याच लक्षात आलं.

मग त्यांनी पुसायला सांगणं सोडलं आणि विचारायला सुरुवात केली: आई कुठे बसली आहे? तिच्या शेजारी कोण? तिसऱ्या चित्रात माणसं परत आली.

मात्र मुलाला दिसणं कळतच नाही, असंही समजू नका. 1983 मध्ये अॅलिसन डेव्हिस यांनी दोन कप शेजारी ठेवले, एकाचा कान दिसेल असा, दुसऱ्याचा लपेल असा. तेव्हा लहान मुलंही लपलेला कान गाळू लागली. दोन कपांतला फरक दाखवायचा असला की नजर कामाला लागते. बाईंनी आपल्या वर्गात हे करून पाहिलं. एकट्या कपाला कान काढणाऱ्या त्या मुलीने दोन कप समोर येताच दुसऱ्याचा कान सोडून दिला. बघायला शिकवायचं असेल तर अशी जोडी मांडा, दुरुस्ती सांगत बसू नका.

नऊ-दहाच्या आसपास मूल स्वतःच रबर मागू लागतं. एक वस्तू दुसरीला झाकते हे चित्रात येतं, आणि “मला चित्र येत नाही” हेही ऐकू येतं. वस्तुचित्राचं मार्गदर्शन इथून कामी येतं. एलिमेंटरीच्या तयारीसाठी दुसरीतलं मूल घेऊन पालक आले, तर त्यांना घाई नाही म्हणून सांगा आणि हा कपाचा प्रयोग त्यांच्यासमोरच करून दाखवा.

सामानाचं थोडक्यात: गिरगोट्यांच्या वयाला जाड तेलखडू आणि मोठा कागद, जमिनीवर चिकटवून. लोकल काढणाऱ्या वयाला आडवा लांब कागद द्या, डबे वाढत जातात. चित्राच्या मागे तारीख, मुलाचं वय आणि चित्राबद्दल ते जे बोललं ते एक वाक्य पेन्सिलीने लिहून ठेवा. रबराचा डबा नऊ वर्षांवरच्या गटासाठी न्या.